पीओपासून जीआरएनपर्यंत: आगाऊ रक्कम आणि एलसीवरची आयात ईआरपीमध्ये कशी बांधायची

देशातल्या खरेदीत पीओ, माल, बिल आणि पैसे ठरलेल्या क्रमाने येतात, आणि ईआरपी त्याच क्रमासाठी बनवलेलं असतं. आयातीत हा क्रम राहत नाही. थोडे पैसे माल तयार होण्याआधीच जातात. उरलेले पैसे माल हातात येण्याआधी बँक देऊन टाकते. माल समुद्रात असतो तेव्हा तो हिशोबाने आपला झालेला असतो, पण गोदामात नसतो. शिवाय एकाच मालाला डॉलरचे तीन-चार वेगवेगळे दर लागतात. भोसरीत विशेष यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांच्या खरेदी विभागात मी बरीच वर्षं हे काम केलं आहे. तिथे पाहिलेल्या बहुतेक चुका ईआरपी येत नसल्याने झाल्या नव्हत्या. पीओ एक सांगतो, बँकेचं हमीपत्र म्हणजे एलसी दुसरंच सांगते आणि जहाज तिसऱ्याच तारखेला येतं, आणि या तिघांना जोडणारी एकही नोंद प्रणालीत नसते, त्यातून त्या झाल्या होत्या.

या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतलं आहे. पडद्यावरची नावं मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टमधली आहेत, कारण पुण्याच्या लहान-मध्यम कारखान्यांत ते बरंच दिसतं. दुसरी प्रणाली असली तरी नोंदींचा क्रम हाच ठेवा, बटणं तेवढी बदलतील.

उदाहरण असं. तैवानच्या पुरवठादाराकडून लिनिअर गाइडवेचे 200 सेट घ्यायचे आहेत. दर सेटला 300 डॉलर, एकूण 60,000 डॉलर, एफओबी ताइचुंग, म्हणजे ताइचुंगला जहाजात चढेपर्यंतचा खर्च पुरवठादाराचा, पुढचा आपला. अटी: 30 टक्के म्हणजे 18,000 डॉलर आगाऊ टीटीने, म्हणजे बँकेतून थेट पाठवून, आणि 70 टक्के म्हणजे 42,000 डॉलर साइट एलसीवर, म्हणजे कागदं पटली की लगेच पैसे देणाऱ्या एलसीवर. माल न्हावा शेवाला उतरणार. डॉलरचे दर आणि खर्चाचे आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

पहिला टप्पा: पीओच्या आधीची तयारी

पुरवठादाराच्या मास्टरमध्ये चलन `USD` ठेवा, जीएसटी वर्ग `Overseas` ठेवा आणि त्याला डॉलरमधलं स्वतंत्र देणं खातं जोडा. रुपयाच्या खात्यावर डॉलरचा पुरवठादार चालवला, तर पुढे विनिमय फरकाचा हिशोब कधीच जुळत नाही.

आगाऊ रकमेसाठी आणखी एक वेगळं डॉलर खातं उघडा, उदाहरणार्थ `Advance to Overseas Suppliers - USD`. कंपनीच्या सेटिंगमध्ये `Book Advance Payments in Separate Party Account` हा पर्याय त्यासाठीच आहे. वेगळं खातं कशाला, ते 31 मार्चच्या हिशोबात कळेल.

गोदामांच्या यादीत `Transit` प्रकारचं `Goods In Transit` नावाचं एक गोदाम हवं. जहाजावरचा माल इथे राहणार.

आणि दोन नवे डॉक्टाइप, म्हणजे नोंदीचे पडदे, बनवून घ्या: `Import LC` आणि `Import Shipment`. ईआरपीनेक्स्टमध्ये आयात एलसीसाठी तयार पडदा नाही. `Bank Guarantee` आहे, पण त्यात एलसी कोंबू नका, तारखांच्या जागा जुळत नाहीत. `Shipment` नावाचा तयार पडदाही आहे, पण तो आपण ग्राहकाला पाठवतो त्या मालासाठी आहे, येणाऱ्या मालासाठी नाही.

पीओ करताना `Payment Schedule` मध्ये दोन ओळी घाला, 30 टक्के आगाऊ आणि 70 टक्के एलसी. `Incoterm` मध्ये एफओबी आणि बंदराचं नाव लिहा. पुरवठादाराशी बोलताना ‘एफओबी तैवान’ असं तोंडी ठरतं, पण तैवानला एकाहून जास्त बंदरं आहेत. भाडं आपण भरणार असल्याने बंदराच्या नावावर आपला खर्च अवलंबून आहे.

दुसरा टप्पा: आगाऊ रक्कम

3 मार्चला पीओ झाला, 10 मार्चला 18,000 डॉलरचं टीटी गेलं. `Payment Entry` पीओवरूनच उघडा, म्हणजे ती त्या पीओला जोडली जाते आणि पीओवर `Advance Paid` दिसू लागतं. मोकळी नोंद करून नंतर जोडू असं म्हटलं की ती तशीच राहते.

इथे प्रणाली स्वतःकडचा दर आपोआप भरते. तो पुसून बँकेने प्रत्यक्ष लावलेला दर भरायचा. तो आपल्या उदाहरणात 84.00 आहे, म्हणजे 15,12,000 रुपये गेले. बँकेचं शुल्क वेगळ्या ओळीत, शुल्काच्या खात्यावर. ते रकमेत मिसळलं की दर 84.07 वगैरे विचित्र दिसू लागतो आणि पुढची आकडेमोड बिघडते.

बँकेच्या अर्जात हेतूचा कोड येतो. आयातीसाठी आगाऊ रकमेचा `S0101` आणि बिलापोटी भरण्याचा `S0102`. तो `Payment Entry` वर एका जागी टिपून ठेवा. बँकेने पाठवलेला प्रत्येक डॉलर रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस या प्रणालीत उघडा राहतो, आणि त्यापोटी माल देशात आल्याचा कस्टम्सचा कागद म्हणजे बीओई दाखवेपर्यंत बंद होत नाही. म्हणून आगाऊ रक्कम आणि एलसी शक्यतो एकाच बँकेतून करा. बीओईवर बँकेचा एडी कोड, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, जातो. एक बँक टीटीला आणि दुसरी एलसीला वापरली, तर एकच बीओई दोन बँकांत वाटून बंद करून घेण्यासाठी महिनोन्महिने पत्रं लिहावी लागतात.

टीटीच्या आधीची एक काळजी मी कधीच सोडत नाही. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलल्याची ईमेल आली, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर फोन करून खात्री करायची. ईमेलमध्ये दिलेला नंबर त्यासाठी वापरायचा नाही. मास्टरमधला खाते क्रमांक बदलण्याचा अधिकार खरेदी विभागाला देऊ नका, तो लेखा विभागाच्या मंजुरीनेच बदलावा. एका कारखान्यात आम्ही ही काळजी घेतली नव्हती. ते पैसे परत आले नाहीत.

आता 31 मार्च. वर्षअखेरीला डॉलरचं देणं त्या दिवसाच्या दराने पुन्हा मोजावं लागतं, आणि `Exchange Rate Revaluation` ते करून देतं. पण मालासाठी दिलेली आगाऊ रक्कम पुन्हा मोजायची नसते. लेखा मानक 11 प्रमाणे ती दिली त्या दिवसाच्या दरावरच राहते, कारण तिच्या बदल्यात आपल्याला डॉलर परत मिळणार नाहीत, माल मिळणार आहे. आगाऊ रक्कम देण्याच्याच खात्यात पडून असेल तर प्रणाली ती निमूट मोजून टाकते. त्या दिवशी दर 84.60 असला, तर 18,000 गुणिले 0.60 म्हणजे 10,800 रुपयांचा नफा दिसतो, जो कधी झालाच नाही. वेगळं खातं असलं की पुनर्मोजणीच्या यादीतली तेवढी ओळ काढून टाकता येते.

तिसरा टप्पा: एलसी

एलसीचा गाभा असा की बँक कागदं पाहून पैसे देते, माल पाहून नाही. यूसीपी 600 या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तसं स्पष्ट आहे. खोक्यांत विटा भरल्या असल्या आणि कागदं अटींप्रमाणे असली, तरी बँक पैसे देणारच. म्हणून आपली सगळी ताकद एलसीचा अर्ज भरतानाच वापरायची असते. अर्ज भरण्याचं काम बँकेच्या माणसावर सोडू नका. मसुदा आला की तो ईआरपीतल्या पीओसमोर ठेवून ओळीओळीने तपासा, आणि मग पुरवठादाराला दाखवा.

`Import LC` मध्ये या गोष्टी हव्यात: जोडलेला पीओ, एलसी क्रमांक, रक्कम, शेवटची जहाजात चढवण्याची तारीख, कागदं सादर करायचे दिवस, मुदत संपण्याची तारीख आणि ठिकाण, मार्जिन म्हणून बँकेकडे तारण ठेवलेली एफडी, आणि दुरुस्त्यांची उपसारणी. बँक एलसी उघडताना पाठवते त्या एमटी700 संदेशात रकमेपासून मुदतीपर्यंतच्या चार बाबी अनुक्रमे `32B`, `44C`, `48`, `31D` या क्रमांकांवर सापडतात. मागितलेली कागदं `46A` मध्ये, मालाचं वर्णन `45A` मध्ये. आपल्या पडद्यावर हेच क्रमांक शेजारी लिहून ठेवले, तर नवा माणूसही मसुदा तपासू शकतो.

पहिली तपासणी रकमेची. प्रणालीत हा नियम बसवून टाका:

```
LC रक्कम + आगाऊ रक्कम = PO रक्कम
42000 + 18000 = 60000
```

घाईत एलसी पूर्ण 60,000 ची उघडली जाते, म्हणजे आगाऊ दिलेले 18,000 पुन्हा देण्याची हमी दिली जाते. आणि रक्कम बरोबर लिहिली तरी एक पेच उरतो. पुरवठादाराचं बिल 60,000 चं असणार, कारण कस्टम्सला मालाची पूर्ण किंमत दाखवावी लागते. एलसी 42,000 ची आणि बिल 60,000 चं हे पाहून पलीकडची बँक अडखळते. नियमानुसार ती असं बिल स्वीकारू शकते, पण ‘शकते’ यावर अवलंबून राहू नये. जादा अटींच्या `47A` मध्ये सरळ लिहायला सांगा:

```
DRAWINGS TO BE MADE FOR 70 PCT OF COMMERCIAL INVOICE VALUE.
30 PCT HAS BEEN PAID IN ADVANCE BY APPLICANT.
```

दुसरी तपासणी तारखांची. जहाजात माल चढल्यापासून कागदं सादर करायला किती दिवस द्यायचे, हे `48` मध्ये येतं. काही लिहिलं नाही तर 21 दिवस धरले जातात. युरोपहून येणाऱ्या मालाला ते चालून जातं. तैवानहून जहाज साधारण तीन आठवड्यांत न्हावा शेवाला पोहोचतं, म्हणून इथे 21 दिवस महागात पडतात. आपल्या उदाहरणात बीएलची, म्हणजे माल चढल्याच्या शिपिंग लाइनच्या कागदाची, तारीख 24 मे आहे आणि जहाज 14 जूनला येणार आहे. 21 दिवस दिले असते तर पुरवठादार कागदं 14 जूनपर्यंत त्याच्या बँकेत देऊ शकला असता, म्हणजे जहाज लागलं त्याच दिवशी. त्यानंतर त्याच्या बँकेला तपासायला पाच कामाचे दिवस, मग कुरिअर, मग आपल्या बँकेचे पाच दिवस. मूळ बीएल हातात येईपर्यंत कंटेनर पंधरवडाभर बंदरात पडून राहिला असता आणि रोजचं भाडं चढत गेलं असतं.

म्हणून आपण 7 दिवस लिहिले. कागदं 31 मेपर्यंत बँकेत, पाच कामाचे दिवस म्हणजे 5-6 जून, कुरिअर 9-10 जूनला पुण्यात. जहाजाच्या आधी तीन-चार दिवस मिळतात, आणि आपल्या बँकेला सगळे पाच दिवस लागलेच तरी एक-दोन दिवसांचीच ओढाताण राहते. पुरवठादार सुरुवातीला कुरकुर करतो, पण त्याचेच पैसे लवकर सुटणार असतात, त्यामुळे बहुतेक वेळा मानतो. शेवटची जहाजाची तारीख 31 मे असल्याने एलसीची मुदत किमान 7 जून हवी, आपण 10 जून ठेवली.

`46A` मध्ये आणखी दोन कागदं मागा. एक म्हणजे, जहाजात माल चढल्यापासून दोन दिवसांत बिल, पॅकिंग लिस्ट आणि बीएलच्या स्कॅन प्रती आपल्याला ईमेलने पाठवल्याचं पुरवठादाराचं प्रमाणपत्र. बीओई भरायला या प्रती पुरतात, मूळ कागदांची वाट पाहावी लागत नाही. दुसरं, माल महत्त्वाचा असेल तर तिसऱ्या संस्थेचं तपासणी प्रमाणपत्र. विटांपासून वाचायचा तोच एक मार्ग आहे.

तिसरी गोष्ट दुरुस्त्यांची, आणि ईआरपी इथेच सर्वांत जास्त फसवतं. पीओ मंजूर झाल्यावरही `Update Items` बटणाने नग आणि दर बदलता येतात. समजा उत्पादन विभागाने 200 चे 206 सेट करायला सांगितले आणि कोणीतरी पीओ बदलला. एलसीला याची काही खबर नसते. ‘एलसीत पाच टक्के सवलत असते ना’ असं अनेकांना वाटतं. ती सवलत किलो-टनांत मोजल्या जाणाऱ्या मालाला आहे. सेट, नग, खोकी असं मोजमाप लिहिलं असेल तर ती मिळत नाही. शिवाय एलसीची दुरुस्ती पुरवठादाराने मान्य केल्याशिवाय लागूच होत नाही. म्हणून ज्या पीओला चालू एलसी जोडलेली आहे, त्याचे नग, दर आणि तारखा आधी एलसीची दुरुस्ती नोंदवल्याशिवाय बदलताच येऊ नयेत, असा प्रतिबंध प्रणालीत घाला. छोट्या स्क्रिप्टचं काम आहे, अर्ध्या दिवसात होतं.

हिशोबात एलसी उघडण्याची नोंद काहीच नसते. देणं अजून झालेलंच नाही. मार्जिनसाठी ठेवलेली एफडी आणि बँकेचं कमिशन एवढंच खात्यात येतं. कमिशन मालाच्या किमतीत धरायचं की खर्चात टाकायचं, हे सीएसोबत एकदा ठरवा आणि मग प्रत्येक एलसीला तेच करा.

चौथा टप्पा: माल जहाजात

`Import Shipment` ही नोंद आता कामाला लागते. तिला पीओ आणि एलसी दोन्ही जोडा, कारण एका पीओचा माल दोन जहाजांत येऊ शकतो. बीएल क्रमांक आणि तारीख, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक, जहाजाचं नाव, निघण्याची आणि येण्याची तारीख, मूळ कागदं बँकेत आल्याची तारीख, बीओई क्रमांक, कंटेनरच्या मोफत दिवसांचा शेवट, आणि कारखान्याच्या गेटवर आल्याची तारीख, एवढं पुरतं. कंटेनर क्रमांक चार अक्षरं आणि सात अंकांचा असतो, शेवटचा अंक तपासणीचा असतो. एक अंक चुकला की शिपिंग लाइनच्या साइटवर काहीच सापडत नाही, म्हणून तो हाताने टाइप करण्याऐवजी बीएलच्या प्रतीतून कॉपी करा.

येण्याची तारीख बदलली की जुनी पुसू नका. उपसारणीत नवी ओळ घाला: आज काय कळलं, नवी तारीख कोणती, कोणी सांगितलं. सिंगापूर किंवा कोलंबोला माल दुसऱ्या जहाजात चढवताना आठवडा सहज जातो. चार-पाच खेपांनंतर ही उपसारणी पाहिली की कोणत्या लाइनची तारीख खरी मानायची हे कळतं, आणि पुढच्या पीओची तारीख अंदाजाने नव्हे तर नोंदीवरून ठरते. एफओबी असल्याने फॉरवर्डर आपणच निवडलेला असतो, तेव्हा कंटेनरचे मोफत दिवसही बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या. माल आल्यावर मागितलेले दिवस मिळत नाहीत.

आता साठ्याची नोंद. एफओबीत माल जहाजात चढला की जोखीम आपली. म्हणून `Purchase Receipt` बीएलच्या तारखेने करायची, पण मुख्य गोदामात नाही, `Goods In Transit` मध्ये. तारीख मागची घालण्यासाठी `Edit Posting Date and Time` ला खूण करा. माल गेटवर येईपर्यंत थांबलं, तर महिनाअखेरीला पन्नास लाखांचा माल आणि त्याचं देणं दोन्ही ताळेबंदात दिसत नाहीत. उत्पादन नियोजनाला मात्र सांगून ठेवा की हे गोदाम उपलब्ध साठ्यात मोजायचं नाही.

पावती करताना दर कोणता? बीएलच्या दिवशी डॉलर 85.00 होता. सरळ 85.00 लावला तर माल 51,00,000 रुपयांचा होतो. पण 18,000 डॉलर आपण 84.00 ने दिले आहेत. त्या भागाची किंमत त्याच दराने धरायची, आणि उरलेल्या 42,000 ची 85.00 ने. खरी किंमत 15,12,000 अधिक 35,70,000, म्हणजे 50,82,000 रुपये. ईआरपीनेक्स्टमध्ये एका पावतीला एकच दर देता येतो, म्हणून सरासरी दर काढा:

```
(18000 × 84.00 + 42000 × 85.00) ÷ 60000 = 84.70
```

हाच 84.70 `Purchase Receipt` वर आणि हाच `Purchase Invoice` वर. दोन्हीकडे वेगळे दर गेले की प्रणाली फरक स्वतःच विनिमय खात्यात टाकते आणि तो शोधत बसावं लागतं.

बिलाला आगाऊ रक्कम जोडताना प्रणाली 12,600 रुपयांचा विनिमय नफा दाखवेल. घाबरू नका. पुढे एलसीचे 42,000 डॉलर बँकेने 85.50 ने कापले, म्हणजे 35,91,000 गेले, तेव्हा 33,600 चा तोटा दिसेल. दोन्हींची बेरीज 21,000 तोटा. आणि खरा तोटा तेवढाच आहे: 42,000 डॉलरवर 85.00 ते 85.50 असा अर्धा रुपया. हा ताळा जुळला नाही तर कुठेतरी दर चुकीचा गेला आहे, आणि बहुधा तो आगाऊ रकमेच्या नोंदीत असतो. या दोन नोंदींच्या मध्ये तिमाही संपत असेल, तर लेखा विभागाला हे आधीच सांगा.

बँकेत मूळ कागदं आली की लगेच तपासा. तफावत असेल तर नाकारायला बँकेला पाचच कामाचे दिवस असतात आणि ती आपल्याला विचारते. मालाच्या वर्णनातली स्पेलिंगची चूक आपण सोडून देतो, पण जहाजाची तारीख उशिराची असेल किंवा तपासणी प्रमाणपत्र नसेल तर विचार करून उत्तर द्या. तफावत मान्य केल्याचं पत्र `Import LC` ला जोडून ठेवा. पुढे भांडण झालं तर तेच आपल्याविरुद्ध दाखवलं जातं.

पाचवा टप्पा: कस्टम्स आणि उतराई खर्च

जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाअखेर बीओई भरलेली हवी. उशीर झाला तर पहिल्या तीन दिवसांना दिवसाला 5,000 आणि पुढे दिवसाला 10,000 रुपये आकार लागतो. `Import Shipment` वरून येण्याच्या चार दिवस आधी कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटला म्हणजे सीएचएला आपोआप ईमेल जाईल अशी सोय करा, आणि तारीख बदलली की ती ईमेलही नव्या तारखेने पुन्हा गेली पाहिजे.

इथे डॉलरचा आणखी एक दर येतो. कस्टम्स स्वतःचा जाहीर केलेला दर लावतं, बँकेचा नाही. आपल्या उदाहरणात तो 85.60. 60,000 डॉलरचे 51,36,000 झाले, त्यात समुद्रभाडं आणि विमा 1,20,000, म्हणजे आकारणीची किंमत 52,56,000. त्यावर मूळ सीमाशुल्क 7.5 टक्के धरलं तर 3,94,200, आणि त्याच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार 39,420. एकूण 4,33,620. या सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी, 10,24,131.60. ही कस्टम्सची किंमत आपल्या पुस्तकातल्या 50,82,000 शी जुळणार नाही आणि जुळवायलाही जाऊ नका. ती फक्त करासाठी आहे.

इंडिया कम्प्लायन्स ॲप बसवलेलं असेल तर बिलावरून `Bill of Entry` उघडतं आणि त्यातून `Landed Cost Voucher` बनवता येतो. मालाच्या किमतीत जायच्या गोष्टी तीन: सीमाशुल्क अधिभारासह 4,33,620, भाडं आणि विमा 1,20,000, आणि कंटेनर गोदामाचं सीएफएस शुल्क, शिपिंग लाइनचं डीओ शुल्क, सीएचए, न्हावा शेवा ते भोसरी वाहतूक मिळून 85,000. आयजीएसटी त्यात कधीच टाकू नका, त्याचं क्रेडिट मिळतं. नव्या माणसाकडून होणारी ही नेहमीची चूक आहे, आणि ती ओळखायची सोपी खूण अशी की उतराई खर्चाची टक्केवारी एकदम तिशीच्या पुढे जाते.

एकूण 57,20,620 झाले, 200 ने भागले तर एका सेटची किंमत 28,603.10. पुरवठादाराची किंमत 25,410 होती, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. हा आकडा लगेच विक्रीच्या कोटेशन करणाऱ्यांना कळवा.

सीएचए आणि फॉरवर्डरची बिलं महिनाभर येत राहतात. प्रत्येक बिलासाठी वेगळा व्हाउचर करण्यापेक्षा अंदाजे रकमेने एकच करा, बिलं आली की छोटा फरक खर्चात टाका. कारण मागच्या तारखेच्या पावतीवर व्हाउचर केला की प्रणाली त्या मालाच्या पुढच्या सगळ्या नोंदींची किंमत पुन्हा मोजते, आणि बंद केलेल्या महिन्याचे आकडे हलतात.

सहावा टप्पा: गेटपासून जीआरएनपर्यंत

कंटेनर गेटवर आला की उघडण्याआधी सील क्रमांक बीएलशी जुळवा आणि फोटो काढा. माल कमी निघाला तर पुढची सगळी वाट या एका फोटोवर ठरते. सील अभंग असेल तर माल तिकडूनच कमी भरला, दावा पुरवठादारावर. सील तुटलेलं किंवा वेगळं असेल तर विमा कंपनीला कळवायचं, आणि सर्व्हेयर येईपर्यंत खोकी फोडायची नाहीत.

मग `Stock Entry` प्रकार `Material Transfer`: `Goods In Transit` मधून मुख्य गोदामात, मोजून मिळाले तेवढेच. हाच आपला खरा जीआरएन. बीएलवर 200 होते म्हणून 200 लिहू नका. समजा 198 मिळाले. 198 हलवले, दोन सेट वाटेतल्या गोदामात राहिले, त्यांची किंमत 57,206.20. सील अभंग होतं, म्हणून पुरवठादाराला 600 डॉलरची डेबिट नोट, आणि ती नोंद झाली की दोन सेट तिथून काढून टाकायचे. डेबिट नोटमधून सुटत नाही ती शुल्क आणि भाड्याची रक्कम नुकसानीत.

दर सोमवारी मी एकच अहवाल पाहते: वाटेतल्या गोदामात असलेला, पण गेटवर येऊन सात दिवस उलटलेला माल. यादी रिकामी नसेल तर कोणाचा तरी दावा अडकला आहे किंवा जीआरएन राहिला आहे.

शेवटी बीओईची प्रत बँकेला द्या आणि आयडीपीएमएसमध्ये 18,000 आणि 42,000 या दोन्ही रकमा त्या बीओईसमोर बंद झाल्याचं लेखी मागा. ते उत्तर आल्यावरच `Import Shipment` ची स्थिती ‘बंद’ करा. मार्जिनची एफडी सोडवायचा अर्जही त्याच दिवशी द्या.